खाली दुकान, वर घर आणि रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर

३ एप्रिल २०२४, बुधवार. रमजानचा तेविसावा रोजा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, तिथल्या छावणी भागातल्या एका इमारतीत पहाटे चारच्या सुमारास आग लागली. खाली कपड्यांचे आणि शिलाईचे दुकान होते, वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. सहेरीसाठी घराघरांत उठण्याची हीच वेळ. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण त्या पहाटे दगावले. दोन पुरुष, तीन स्त्रिया आणि दोन लहान मुले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्या दिवशीच्या बातम्यांत दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की चार्जिंगला लावलेल्या विजेवरच्या दुचाकीतून आग सुरू झाली असावी, असा संशय पुढे आला. संशय हा संशय म्हणूनच घ्यायला हवा. दुसरी गोष्ट तत्कालीन पोलीस आयुक्त मनोज लोहिया यांनी सांगितली. आग दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, प्राथमिक तपासानुसार हे सात जण गुदमरून गेले असावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ज्वाळा खाली होत्या आणि जीव वर गेले. उदगीर, नांदेड, लातूर, परभणी, कुठल्याही जुन्या बाजारपेठेत आपली निम्मी घरे याच पद्धतीची आहेत. खाली शटरचे दुकान, आतून अरुंद जिना, वर दोन खोल्या आणि त्यावर कुलूप लावलेली गच्ची. रात्री स्कूटर रस्त्यावर ठेवली तर चोरी होईल, म्हणून ती दुकानात घ्यायची, तिथेच बोर्डाला लावायची, शटर ओढायचे आणि वर झोपायला जायचे. ही रीत इतकी साधी वाटते की तिच्यात धोका नेमका कुठे आहे हे लक्षातच येत नाही.

अशीच आग इतर ठिकाणी

१२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत विजेवरच्या दुचाकींच्या शोरूमला आग लागली. शोरूम खाली होते आणि वर लॉज. आठ जण गेले. बहुतेकांना ज्वाळा लागल्याच नव्हत्या. जिन्यातून वर आलेला धूर खोल्यांत भरला आणि उतरायला दुसरी वाट नव्हती. त्याच महिन्यात वसईत एका घरात स्कूटरची काढलेली बॅटरी रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून नंतर दगावला. त्याआधी मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोर येथे रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली, तेव्हा वडील आणि मुलगी धुरामुळे गुदमरून गेले.

या घटनांमधल्या गाड्या वेगळ्या होत्या आणि गावेही वेगळी होती. पण वेळ बहुतेक रात्रीची किंवा पहाटेची, जागा बंद, आणि माणसे झोपलेली किंवा धुराच्या वाटेवर अडकलेली. पहाटेचीच वेळ का, हे समजण्यासाठी आधी बॅटरीच्या पोटात काय असते ते पाहू.

बॅटरीच्या पेटीत काय असते

आपल्याकडे कमी वेगाच्या साध्या स्कूटरला बहुधा ४८ किंवा ६० व्होल्टची बॅटरी असते. समजण्यासाठी ६० व्होल्ट, ३० अँपिअर-तास अशी एक बॅटरी घेऊ. दोन्ही आकड्यांचा गुणाकार १८००. म्हणजे तिच्यात १८०० वॉट-तास वीज मावते. ७५ वॉटचा छताचा पंखा पूर्ण २४ तास चालेल, एवढी ती वीज आहे. सुटकेसएवढ्या पेटीत ती बांधून ठेवलेली असते.

ही पेटी म्हणजे एकच मोठी बॅटरी नसते. आत बोटाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असे कितीतरी सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये धातूच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागदासारखा पडदा आणि पेट घेऊ शकणारा एक द्रव असतो. हा पडदा शाबूत असेपर्यंत सगळे ठीक चालते. तो साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतो. पडदा गेला की दोन्ही पट्ट्या आतल्या आत एकमेकींना भिडतात आणि सेल स्वतःच तापू लागतो. उष्णता वाढली की आतली रसायने फुटतात, त्यातून आणखी उष्णता निघते, त्याने शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. या टप्प्यावर प्लग काढूनही उपयोग होत नाही, कारण आता आगीला बाहेरच्या विजेची गरजच उरलेली नसते.

सेल फुटताना वायू बाहेर पडतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन असतो आणि हायड्रोजन फ्लोराइड नावाचा, फुप्फुस जाळणारा वायूही असतो. सुरुवातीला हा पांढरा धूर वाफेसारखा दिसतो, पण तो पेट घेणारा वायू आहे. बंद शटरच्या आत तो साठतो आणि ठिणगी मिळाली की भडका उडतो. मग भोवतालचे कापड, फोम, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुठ्ठ्याची खोकी पेटतात. खालच्या दुकानातला हा सगळा धूर सर्वात सोप्या वाटेने, म्हणजे जिन्यातून, वर चढतो. आपल्या घराचा जिना अशा वेळी धुराडे बनतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही, उलट गुंगी आणतो. म्हणून अशा आगीत वरच्या मजल्यावरच्या अंगावर भाजल्याची खूणही नसते आणि माणूस गेलेला असतो.

पहाटेचे गणित

लिथियमची बॅटरी दोन टप्प्यांत भरते. पहिल्या टप्प्यात चार्जर ठरावीक अँपिअरने वीज ढकलतो आणि बॅटरीचा व्होल्ट हळूहळू वर चढतो. व्होल्ट ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात व्होल्ट तिथेच धरून ठेवायचा आणि अँपिअर कमी करत न्यायचे. शेवटी चार्जरने थांबायचे असते.

आपली ३० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी आहे आणि चार्जर ६ अँपिअरचा आहे, असे धरू. ३० भागिले ६, म्हणजे ५ तास. शेवटच्या टप्प्याचा तासभर त्यात मिळवा. रात्री दहाला लावलेली बॅटरी पहाटे तीन ते चारच्या दरम्यान काठोकाठ भरते. हीच वेळ सर्वात नाजूक असते, कारण चार्जर वेळेवर थांबला नाही तर बॅटरीत मर्यादेपेक्षा जास्त वीज याच वेळी भरली जाते. एखाद्या सेलमध्ये आधीपासून दोष असेल तर तोही पूर्ण भरलेल्या अवस्थेत जास्त उग्र होतो. बॅटरी जितकी भरलेली, तितकी तिची आग जोरदार.

आणि त्या वेळी आपण सगळे गाढ झोपेत असतो.

‘साठचाच आहे’ हा घोटाळा

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू, कारण लहान गावांतल्या बाजारात हीच चूक जास्त होते. उदगीरमधल्या एखाद्या दुकानदाराने जुनी स्कूटर घेतली आहे, असे समजा. मूळ गाडीत शिशाच्या, म्हणजे लेड-ॲसिडच्या, १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या होत्या. पाच बारे साठ. त्या दीड वर्षात बसल्या. मिस्त्रीने त्या काढून ६० व्होल्टची लिथियम बॅटरी बसवून दिली. गाडी हलकी झाली, जास्त पळू लागली. दुकानदाराने विचारले, “भाई, चार्जर जुनाच चालेल ना?” मिस्त्री म्हणाला, “चालतो की चाचा, साठचाच आहे.”

चार्जरवर ६० व्होल्ट लिहिलेले आहे, बॅटरीवरही ६० व्होल्ट लिहिलेले आहे. तरी दोन्ही साठ सारखे नाहीत. ६० हे फक्त नाव आहे. खरा आकडा असतो पूर्ण भरल्यावरचा व्होल्ट.

शिशाच्या पाच बॅटऱ्या पूर्ण भरताना त्यांचा चार्जर साधारण ७३.५ व्होल्टपर्यंत जातो. लिथियममध्ये एनएमसी नावाच्या प्रकारात ‘६० व्होल्ट’च्या बॅटरीत पुष्कळदा १६ सेल ओळीने असतात. अशा एका सेलची वरची हद्द ४.२ व्होल्ट. १६ गुणिले ४.२, म्हणजे ६७.२ व्होल्ट. तिचा योग्य चार्जर ६७.२ ला थांबतो. जुना चार्जर लावला तर तो ७३.५ पर्यंत ढकलत राहणार. ७३.५ भागिले १६ केले की प्रत्येक सेलच्या वाट्याला जवळपास ४.६ व्होल्ट येतात. हद्द ४.२ ची आणि भरायला बघतोय ४.६ पर्यंत. काठोकाठ भरलेल्या माठात नळ चालूच ठेवावा, तसे हे आहे. माठातले पाणी निदान बाहेर सांडते, इथे मात्र सेल आतून तापतो.

मग पहिल्याच रात्री आग का लागत नाही? कारण बॅटरीच्या पेटीत बीएमएस नावाची एक पट्टी असते. ती प्रत्येक सेलच्या व्होल्टवर नजर ठेवते आणि हद्द ओलांडली की वीज तोडते. पण हे काम तिला संकटातला शेवटचा पहारेकरी म्हणून दिलेले असते. चुकीचा चार्जर लावला की तिला ते रोज रात्री करावे लागते. महिनोन्महिने असे चालले की तिच्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच तापून खराब होतात, आणि खराब होताना ते पुष्कळदा चालू स्थितीतच चिकटून बसतात. त्या रात्री पहारेकरी उरत नाही. स्वस्तातल्या बॅटरीत ही पट्टी हलक्या दर्जाची असेल तर तो दिवस लवकर येतो. म्हणून “वर्षभर याच चार्जरने चार्ज करतोय, काही झाले नाही” हे म्हणणे समाधान मानण्यासारखे नाही. उलट पहारेकरी वर्षभर झिजत आला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

लिथियमचा दुसरा प्रकार एलएफपी. तो उष्णतेला जास्त टिकतो, उशिरा भडकतो. त्यात सेलची हद्द ३.६५ व्होल्ट असते आणि ६० व्होल्टसाठी बहुधा १९ किंवा २० सेल लागतात. २० सेलची बॅटरी ७३ व्होल्टला भरते. म्हणजे एलएफपीचा चार्जर एनएमसीला लावला तरी तोच घोटाळा. घरात दोन भावांच्या दोन गाड्या असतील आणि दोन्ही चार्जरची पिन एकसारखी असेल, तर अदलाबदल एका क्षणात होते.

हे टाळणे अवघड नाही. चार्जर उलटा करून त्यावरचा आउटपुटचा आकडा वाचा. बॅटरीच्या लेबलवर चार्जिंग व्होल्टेज म्हणून दिलेला आकडा वाचा. दोन्ही तंतोतंत जुळायला हवेत, ६७.२ तर ६७.२. बॅटरीवर असा आकडाच नसेल, लेबलच नसेल किंवा नुसते ६० व्होल्ट लिहून सोडले असेल, तर ती कोणी बांधली, आत किती सेल आहेत आणि कोणत्या प्रकारचे, हे विकणाऱ्याला विचारून बिलावर लिहून घ्या. सांगता येत नसेल तर ती घेऊ नका. चार्जर जुळला की त्यावर रंगाने गाडीचा नंबर किंवा मालकाचे नाव लिहून ठेवा.

बोर्ड आणि पिन

दर वेळी दोष बॅटरीचाच असतो असे नाही. पुष्कळ वेळा आग बोर्डापासून सुरू होते आणि बॅटरी नंतर पेटते. आपला ६ अँपिअरचा चार्जर घरच्या लाइनवरून जेमतेम २ अँपिअर ओढतो. साध्या सॉकेटला हा भार फार नाही. पण पिन सैल असेल तर त्या एका जागी संपर्क कमी होतो आणि तेवढ्याच जागी उष्णता साठते. पाच-सहा तास हेच चालले तर प्लास्टिक मऊ होते, काळे पडते आणि पेटते. दुकानात पंखा, शिलाई मशीन आणि इस्त्री यांच्यासाठी ओढलेल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर स्कूटर लावली तर धोका आणखी वाढतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. “आमच्याकडे एमसीबी आहे, काही झाले की पडेल,” असे लोक म्हणतात. एमसीबी पडते ती तारेतून जास्त वीज गेली तर, किंवा शॉर्ट झाले तर. सैल पिनमध्ये वीज तेवढीच असते, फक्त एक जागा तापते. एमसीबीला ते कळत नाही. कळते ते आपल्या हाताला. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेवता येत नाही इतका गरम असेल, पिनेभोवती तपकिरी डाग असेल किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर तो सॉकेट आजच बदला. स्कूटरसाठी भिंतीत पक्का बसवलेला, अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

रात्रभर लावायची गरज आहे का?

आता जरा वेगळा हिशेब करू. उदगीरसारख्या गावात दुकान, घर, मुलांची शाळा, मशीद, बाजार असे सगळे मिळून स्कूटर दिवसाला २५ किलोमीटर पळाली असे धरा. अशी लहान गाडी किलोमीटरला साधारण २८ वॉट-तास खाते. २५ गुणिले २८, म्हणजे ७००. आपल्या १८०० च्या बॅटरीतले ७०० गेले. ६ अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ४०० वॉट-तास भरतो. म्हणजे पावणेदोन तासांत बरेचसे भरून होते, शेवटच्या टप्प्यासह तीन तासांत काम संपते.

तीन तासांचे काम आपण आठ तासांवर सोडून झोपतो. सवय आहे म्हणून, आणि रात्री वीज जात नाही म्हणून. हेच तीन तास दिवसा, दुकान उघडे असताना, आपण समोर बसलेलो असताना का नकोत? दुपारी वीज जात असेल तर मगरिबनंतर लावा, इशानंतर काढा आणि मग शटर ओढा. विसरण्याची सवय असेल तर घड्याळासारखा फिरवायचा टायमर सॉकेट बाजारात मिळतो. तो तीन तासांवर ठेवला की वीज आपोआप तुटते. चार्जर थांबला नाही तरी टायमर थांबवतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. भर उन्हात गाडी चालवून आलात आणि लगेच पत्र्याच्या दुकानात चार्जिंगला लावली, तर सेल आधीच या मर्यादेजवळ असतो. तासभर सावलीत राहू द्या, पेटी हाताला थंड लागली की मग लावा.

आणि काही खुणा दिसल्या तर ती बॅटरी घरात किंवा दुकानात चार्जच करायची नाही. पेटी फुगलेली आहे. गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास येतोय. चार्जिंगमध्ये पेटीची एकच बाजू गरम होते. काल चाळीस किलोमीटर जाणारी गाडी आज अचानक पंधरावर आली. गाडी पडली होती किंवा पुराच्या पाण्यात बुडाली होती. यातले एक जरी असेल तर बॅटरी उघड्यावर, भिंतीपासून आणि माणसांपासून दूर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला दाखवा. गल्लीत पेटी उघडून सेल बदलून घेणे म्हणजे जुने आणि नवे सेल एका ओळीत बांधणे. त्यात जुना आधी भरतो आणि आधी तापतो.

नवी गाडी घेताना

२०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ या नियमांत बदल केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एक सेल पेटला तरी आग बाहेर पसरण्याआधी माणसाला निघायला वेळ मिळावा, सेल तापू लागला की गाडीने आवाज आणि दिवा देऊन सावध करावे, पेटीला वायू बाहेर जाण्याची वाट असावी, चार्जरने वेळेनुसार स्वतः थांबावे, अशा गोष्टी त्यात आहेत. म्हणून जुनी गाडी किंवा जुनी बॅटरी घेताना ती कधी तयार झाली हे बघा. ३१ मार्च २०२३ नंतरची असेल तर बरे.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटच्या आतल्या मोटरच्या गाड्यांना आरटीओ नोंदणी लागत नाही. लायसन्सही लागत नाही, म्हणून त्या मुलांसाठी आणि वयस्कर मंडळींसाठी खूप विकल्या जातात. पण नोंदणीच नाही म्हटल्यावर पुढे तिच्यात कोणी काय बदलले हे तपासणारेही कोणी नसते. त्यातली २५ ची मर्यादा उडवून गाडी ४०–५० ने पळवून देणारे मिस्त्री असतात. बॅटरी मात्र २५ च्या हिशेबाने बांधलेली असते. तिच्याकडून जास्त वीज ओढली की ती जास्त तापते आणि लवकर थकते. अशी ‘खोललेली’ गाडी घेऊ नका.

आग लागलीच तर

दुकान आणि घर एकाच इमारतीत असेल तर स्कूटरपेक्षा आधी जिन्याचा विचार करा. दुकान आणि जिना यांच्यामध्ये दार बसवा आणि रात्री ते बंद ठेवा. लाकडी दार असले तरी धुराला काही मिनिटे अडवते, आणि या आगीत काही मिनिटे म्हणजे फार झाले. जिन्याच्या तोंडाशी स्कूटर कधीच लावू नका, कारण आपली एकमेव वाट तीच असते. गच्चीचे कुलूप रात्री आतून उघडता येईल असे असावे. किल्ली दाराजवळच खिळ्याला टांगलेली असावी आणि घरातल्या मुलालाही ठाऊक असावी. जिन्याच्या छताला सेलवर चालणारा धूर-अलार्म लावा. कार्बन मोनॉक्साइड माणसाला उठवत नाही, अलार्म उठवतो.

जाग आली आणि जिन्यात धूर दिसला तर खाली जाऊन पाहण्याच्या फंदात पडू नका. दुकानातला माल वाचवायला उतरलेला माणूस परत येत नाही. गच्चीची वाट मोकळी असेल तर सगळ्यांना वर घ्या. ती नसेल तर खोलीचे दार लावा, फटीत ओले दुपट्टे, ओल्या चादरी कोंबा, रस्त्याकडची खिडकी उघडा, जमिनीलगत बसा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. फोनवर सांगा की खाली लिथियम बॅटरी आहे आणि वर माणसे आहेत. या दोन वाक्यांनी अग्निशमनवाल्यांची तयारी बदलते.

शेजाऱ्यांसाठीही एक गोष्ट. शटरखालून धूर येत असेल तर घाईने शटर वर ओढू नका. आत साठलेल्या वायूला हवा मिळाली की भडका समोरच्यावर येतो. आधी वरच्या लोकांना हाका मारून उठवा, बाहेरच्या मीटरवरून वीज तोडा. आगीवर मारायचा लाल सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण सेलची उष्णता कमी करत नाही. आग विझली असे वाटून तासाभराने पुन्हा पेटते. बॅटरी थंड करायला पुष्कळ पाणी लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. विझलेली पेटी रात्रभर उघड्यावर, इमारतीपासून दूर राहू द्या.

नुकसान आणि कागद

जीव वाचले की दुकानाचा प्रश्न उभा राहतो. जळालेले सगळे लगेच साफ करू नका. पोलिसांचा पंचनामा आणि नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाचा अहवाल आधी होऊ द्या आणि दोन्हींच्या प्रती घ्या. विमा असेल तर कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत बॅटरीचे अवशेष, चार्जर आणि जळालेला सॉकेट वेगवेगळ्या पिशव्यांत जपून ठेवा. आग बॅटरीतून लागली की बोर्डातून, हे त्यावरूनच ठरते, आणि भरपाई कोणाकडे मागायची हेही त्यावरूनच.

बॅटरी किंवा चार्जर सदोष निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्पादक आणि विक्रेता यांच्यावर जबाबदारी येऊ शकते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण तिथे विचारतात ते बिल, बॅटरीचा क्रमांक, चार्जरचा मॉडेल. तेव्हा हे सगळे जळालेले असते. म्हणून आजच संध्याकाळी तीन फोटो काढा. एक गाडीच्या बिलाचा, एक बॅटरीच्या लेबलचा, एक चार्जरच्या मागच्या बाजूचा. ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

फोटो काढताना बॅटरी आणि चार्जरवरचे व्होल्टचे आकडे शेजारी ठेवून वाचाही. ते जुळत नसतील तर आज रात्री स्कूटर चार्जिंगला लावू नका.